शेरा : मागे पळत येत नाही

रेवसला बातमी कधी कमी पडत नाही. भाऊच्या धक्क्याहून लाँच लागली की मुंबईची, करंजाहून तर आली की उरणची आणि अलिबागहून एसटी आली की उरलेल्या जगाची बातमी आधी उतरते, सामान मागाहून. त्यामुळे शालेय जिल्हा स्पर्धेचा तक्ता हाती आला आणि उपांत्य फेरीत आमच्या हँडबॉल संघासमोर कोणती शाळा येण्याची शक्यता आहे हे कळलं, तेव्हा दिवेलागणीपर्यंत त्या शाळेची सगळी कुंडली आमच्याकडे जमा झाली. त्यांचा गोलकीपर सहा फुटी आहे. त्यांचा सात नंबर लहानपणापासून नारळ फेकतो. त्यांच्या सरांचे साडू कुठल्याशा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. पोरं सामन्याआधी उकडलेली अंडी खातात, आणि तीही दोन-दोन.

आमचे पीटीचे सर हे सगळं शांतपणे ऐकून घेत होते. मी शाळेत मराठी शिकवतो. पण स्पर्धेला संघाबरोबर एक व्यवस्थापक लागतो, आणि ज्याचा तास त्या दिवशी रद्द केला तरी कोणाचं काही अडत नाही असा शिक्षक म्हणून दरवर्षी माझी एकमताने निवड होते. सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, सात नंबर नारळ फेकतो ते कळलं. पण कुठल्या कोपऱ्यात फेकतो?"

हे मात्र धक्क्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं.

हँडबॉल न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मैदान चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. एका बाजूला गोलकीपर धरून सात जण. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. त्याच्यापुढे सहा मीटरवर एक कमान आखलेली असते आणि तिच्या आत गोलकीपरखेरीज कोणी पाय ठेवायचा नाही. आमच्या शाळेत ही कमान फक्कीने आखतात. प्रत्येक खांबाला सहा मीटरची दोरी बांधून पाव वर्तुळ काढायचं आणि मधला तीन मीटरचा तुकडा सरळ जोडायचा. पहिल्या वर्षी दोरी गोलाच्या मधोमध बांधली, आणि कमान कडेला गोलाच्या इतकी जवळ गेली की कोपऱ्यातल्या पोराला चेंडू नुसता आत ठेवायचं काम उरलं. त्या वर्षी आमची कोपऱ्यातली पोरं सरावात फार भारी खेळली.

सरांचा कागद म्हणजे हेच मैदान, अर्धं, एका फूलस्केप पानावर. खाली गोलाची चौकट, तिचे सहा खण : वर तीन, खाली तीन. वर कमान, आणि कमानीभोवती हल्ला करणाऱ्यांच्या सहा जागा : दोन कडा, मागचे तिघे, आणि समोरच्यांच्या भिंतीत घुसून उभा राहणारा लाईनवरचा. कडेला चार ओळी. बचावाला कसे उभे राहतात? कोण कोणाला चेंडू देतो? चेंडू गेल्यावर मागे कोण पळत येतं आणि कोण येत नाही? त्यांच्या गोलकीपरला कुठले चेंडू अडवता येत नाहीत? सगळ्यात खाली शेरा.

बस. यापेक्षा जास्त रकाने केले तर लिहिणारा लिहितच बसतो आणि सामना संपतो, असा सरांचा सिद्धान्त आहे. मी 'खेळाडूंचा स्वभाव' असा एक रकाना सुचवला होता. "स्वभाव पत्रिकेत बघा," सर म्हणाले.

अलिबागजवळ नेहुलीच्या जिल्हा क्रीडा संकुलात पहिल्या दिवशी सकाळी आमचा सामना झाला आणि दुपारी त्यांचा होता. आमची पोरं घामाने निथळत होती आणि त्यांना वडापाव दिसत होता. सरांनी त्यातल्या दोघांनाच ठेवून घेतलं : गोलकीपर आणि डाव्या कडेचा. एकाने पाहायचं आणि मोठ्याने बोलायचं, दुसऱ्याने फक्त लिहायचं. एकटा माणूस दोन्ही करायला गेला की लिहिताना मान खाली जाते आणि नेमका त्याच क्षणी गोल होतो. शिवाय पहिली पाच मिनिटं पेन उघडायचंच नाही. त्या पाच मिनिटांत चेंडूकडेही बघायचं नाही. चेंडू नसलेली पोरं कुठे उभी राहतात ते बघायचं.

हे सांगायला सोपं आहे. चेंडू आणि सासुरवाडीचा पाहुणा यांच्याकडे न बघता बसणं फार कठीण. मी करून पाहिलं. पाच मिनिटं मी निष्ठेने चेंडू नसलेल्या पोरांकडे बघितलं आणि तेवढ्यात तीन गोल झाले. त्यातला एकही मी पाहिला नाही. पण एक गोष्ट दिसली. बचावाला ते सहाही जण कमानीवर एका ओळीत उभे राहत होते, कोणी पुढे येत नव्हतं. हँडबॉलवाले याला सहा-शून्य म्हणतात. शाळांच्या सामन्यात बहुतेक जण असेच उभे राहतात, कारण कमान समोर आखलेलीच असते, निराळं शिकवावं लागत नाही.

मग पेन उघडलं. प्रत्येक फटका जिथून मारला तिथे मारणाऱ्याचा नंबर, आणि गोलाच्या चौकटीत जिथे गेला त्या खणात खूण. गोल झाला तर भरीव ठिपका, अडवला तर पोकळ, बाहेर गेला तर चौकटीबाहेर फुली. चेंडू कोणाकडून आला त्याचा नंबर शेजारी बारीक अक्षरात. आमचा गोलकीपर बोलत होता : "चारने दिला, सातने मारला, खाली उजवीकडं, गोल." मधेच त्याला राहवेना. "सर, ह्यो सात नंबर लई माजोरडा हाय." डाव्या कडेच्याने ते इमानाने शेऱ्यात लिहिलं. सरांनी खोडलं आणि म्हणाले, "माज कुठल्या खणात गेला ते लिही."

इथे उजवं-डावं कोणाचं हे आधीच ठरवून घ्यावं लागतं. मारणाऱ्याचं उजवं म्हणजे समोर उभ्या असलेल्या गोलकीपरचं डावं. हे ठरवलं नाही तर कागद अगदी बरोबर असतो आणि गोलकीपर अगदी उलट्या बाजूला झेपावतो. आमच्याकडे नियम एकच : गोलाची चौकट नेहमी आपल्या गोलकीपरच्या डोळ्यांनी भरायची, कारण मार त्यालाच खायचा असतो.

सामना संपला तेव्हा ते १७-९ ने जिंकले होते आणि आमच्या हातात ठिपक्यांचं एक पान होतं. त्यांनी एकूण तीस फटके मारले, त्यातले चौदा एकट्या सात नंबरने. चौदात नऊ गोल, तीन अडवले, दोन बाहेर. चौदापैकी दहा वेळा चेंडू चार नंबरकडून आला होता. सात नंबर डावखुरा, मागच्या उजव्या बाजूला उभा राहणारा. त्या जागी डावखुरा असला की त्याचा फेकणारा हात मैदानाच्या मधल्या बाजूला येतो आणि सगळा गोल त्याला उघडा दिसतो. म्हणून जगभरचे प्रशिक्षक डावखुरा पोरगा दिसला की त्याला तिथे नेऊन उभा करतात. गोलावर गेलेल्या त्याच्या बारा फटक्यांपैकी आठ एकाच खणात होते : गोलकीपरच्या उजव्या हाताला, खाली.

बारापैकी आठ म्हणजे सवय. तीनपैकी दोन असते तर तो योगायोग. त्यांच्या लाईनवरच्या अकरा नंबरने तीनदा मारला आणि दोन गोल केले. आमच्या डाव्या कडेच्याने लगेच 'अकरा नंबर धोकादायक' असं लिहायला घेतलं. सर म्हणाले, "तीन फटक्यांवर मत बनवू नकोस. प्रश्नचिन्ह काढ." त्याने प्रश्नचिन्ह काढलं. हे प्रश्नचिन्ह दुसऱ्या दिवशी आमच्या अंगावर येणार होतं.

सहा फुटी गोलकीपरची बातमी मात्र धक्क्याने खरी दिली होती. पण त्याच्यावर झालेल्या नऊ गोलांपैकी सहा गुडघ्याच्या खाली गेले होते. उंच पोरगा वरचे चेंडू हात हलवून काढत होता. खालच्यासाठी त्याला आधी वाकायचं की आधी पाय टाकायचा याचा निर्णय घ्यावा लागे, आणि निर्णय होईपर्यंत चेंडू जाळ्यात जाऊन मागे यायचा.

शेऱ्यात अखेर एकच वाक्य उरलं : सात नंबर मारल्यावर मागे पळत येत नाही. मारायचा, दोन्ही हात कमरेवर ठेवायचा आणि आपण मारलेला फटका कसा होता ते बघत उभा राहायचा. कलावंत होता.

संध्याकाळच्या एसटीत योजना ठरली. कागदावरची योजना म्हटलं की रेवसचा माणूस जरा सावध होतो. अंतुले मुख्यमंत्री होते, म्हणजे १९८०-८२ पासून, रेवस-करंजा पूल इथे ऐकू येतोय. एका अख्ख्या पिढीने तो फक्त कागदावर पाहिला आणि तरीने करंजाला जात राहिली. त्यामुळे सरांनी योजना तीन वाक्यांची केली. पोराला मैदानात तीन वाक्यं आठवतात. चौथं वाक्य पहिल्याला ढकलून देतं.

पहिलं वाक्य : चारचा चेंडू सातपर्यंत पोचू द्यायचा नाही. त्यासाठी पाच जण कमानीवर आणि एक जण पुढे, चार आणि सात यांच्या मधल्या वाटेवर. सातच्या अंगालाच एक माणूस चिकटवून का टाकायचा नाही, असं कप्तानाने विचारलं. चिकटवता येतो, पण मग उरलेल्या पाचांना पाचांशी खेळावं लागतं, जागा मोकळ्या होतात आणि लाईनवरच्याची चैन होते. पाण्याचा नळ बंद करायचा असेल तर बादलीवर बसायची गरज नसते, असं सर म्हणाले. आणि एवढं करूनही सातने मारलाच, तर भिंतीतल्या पोरांनी हात वर करून गोलकीपरची डावी बाजू झाकायची आणि गोलकीपरने उजवीकडे खाली जायचं. दोघांनी मिळून एकच कोपरा झाकला तर दुसरा आपोआप पाहुण्यांसाठी राखीव होतो.

दुसरं वाक्य : सातच्या हातातून चेंडू सुटला की डाव्या कडेच्याने मागे न बघता पळायचं. सात त्यांच्या उजव्या बाजूला, म्हणजे तिथून परतीची वाट आमच्या डाव्या कडेची, आणि ती मोकळी. गोलकीपरने चेंडू अडवला की लांब तिकडेच फेकायचा.

तिसरं वाक्य : त्यांच्या गोलकीपरवर खाली मारायचं, शक्यतो टप्पा पाडून.

वाक्यं झाली, खरी अडचण पुढे होती. रायगडच्या पोरांच्या अंगात कबड्डी असते. पोर चालायला लागतं तेव्हाच ते घरातल्या माणसांच्या घोट्याला हात घालतं. समोरून कोणी अंगावर आलं की त्याला धरायचं, पाडायचं आणि वर गुण मिळवायचा ही आमची संस्कृती. हँडबॉलमध्ये समोरच्याला छातीने आणि दुमडलेल्या हातांनी अडवता येतं, पण धरलं, मागून खेचलं की आधी पिवळं कार्ड, मग दोन मिनिटं बाहेर. बाहेर गेलेल्याच्या जागी दुसरा येत नाही, तेवढा वेळ सहाच जणांनी खेळायचं. एकाच पोराला तिसऱ्यांदा दोन मिनिटं मिळाली की तो लाल कार्ड घेऊन उरलेला सामना प्रेक्षकांत बघतो.

यावर जुना उपाय आहे : बचावाचा सराव करताना प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक टेनिसचा चेंडू द्यायचा. मुठी भरलेल्या असल्या की धरता येत नाही, मग पोरगं नाइलाजाने पाय हलवायला शिकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सामन्याआधी संकुलाच्या कडेला आमची सहा पोरं बारा चेंडू मुठीत धरून कडेने सरकत होती आणि दुसऱ्या शाळेचा कोणी तरी विचारत होता, "हे काय, क्रिकेटचा संघ आहे का?" आमच्या एका बचावपटूने समोरच्याला अडवताना दोन्ही चेंडू टाकले, त्याचा घोटा धरला, आणि मग मान वर करून सरांकडे बघितलं. चेहरा अत्यंत निष्पाप.

बाद फेरीत आणखी एक कागद लागतो, आणि तो बहुतेक शाळा विसरतात. बरोबरी झाली तर काय? नियमाप्रमाणे पाच-पाच मिनिटांचे दोन जादा डाव, गरज पडली तर पुन्हा तसेच दोन, आणि मग सात मीटरवरून पाच-पाच फटके. पण शालेय स्पर्धेत वेळ कमी असला की आयोजक कधी कधी थेट सात मीटरवर येतात. म्हणून आमच्या सरांनी आधीच टेबलापाशी जाऊन विचारून घेतलं. मग पाच जणांची यादी लिहिली. ही यादी बरोबरी झाल्यावर करायला बसलं तर जे मारू शकतात ते बुटाची नाडी बांधायला वाकतात आणि ज्यांनी मारू नये ते हात वर करतात. यादीत कप्तान नव्हता. त्याने सकाळचा नाश्ता घेतला नाही.

सामना पंधरा-पंधरा मिनिटांचा होता. पहिला डाव आमच्या कागदाबरहुकूम झाला. पुढे उभा केलेला आमचा पोरगा चार आणि सातच्या मधे असा घुटमळत राहिला की चार नंबरने चेंडू द्यायला हात उचलावा आणि पुन्हा खाली घ्यावा. सातने एकच गोल केला. दोनदा चिडून लांबून मारलेला चेंडू आमच्या गोलकीपरने उजवीकडे खाली जाऊन असा अडवला, जसं काही त्याला तो आदल्या दिवशी पोस्टाने आला होता. डाव्या कडेचा पळत सुटायचा. दोनदा तो इतका आधी पळाला की चेंडू त्यांच्याच हातात आणि हा एकटा पलीकडच्या गोलासमोर, लाँच चुकलेल्या उतारूसारखा उभा. विश्रांतीला आम्ही ८-५ ने पुढे.

दुसऱ्या डावात त्यांच्या सरांनी काही तरी सांगितलं असावं. चार आणि सात यांनी जागा बदलायला सुरुवात केली. एकमेकांना ओलांडून सात मधे, चार उजवीकडे. आमचा पुढचा पोरगा सातच्या मागे मागे गेला, कारण त्याला 'सात' एवढंच आठवत होतं. त्याच्यामागे भिंतीत खिंडार पडलं आणि तिथे कोण उभा? प्रश्नचिन्हवाला अकरा नंबर. त्याने बघता बघता तीन गोल घातले. आमच्या एकाने तिसऱ्या वेळी त्याला धरलं, थेट घोट्याला नाही, पण मनात घोटाच होता. दोन मिनिटं बाहेर. १०-१०.

सरांनी हिरवं कार्ड टेबलावर ठेवून एक मिनिटाचा टाइम-आउट घेतला. एका मिनिटात पोरं पंचवीस सेकंद पाणी पितात, दहा सेकंद एकमेकांना दोष देतात; सांगायला उरतो अर्धा मिनिटाहून कमी वेळ. सर दोनच गोष्टी बोलले. "नंबर सोडा, वाट धरा. मधून उजवीकडे जाणारा चेंडू अडवायचा, देणारा कोणीही असो." आणि "एक जण बाहेर आहे तोवर घाई नको. पण पंचाने हात वर केला की मोजा." चेंडू नुसता फिरवत वेळ काढतोय असं वाटलं की पंच हात वर करतो, त्यानंतर २०२२ पासूनच्या नियमाने चारच पास मिळतात, तेवढ्यात गोलावर मारावंच लागतं. आमची पोरं हे पास मोठ्याने मोजत होती, त्यामुळे कधी मारणार हे समोरच्यांनाही नीट समजत होतं. तरीही चौथ्या पासानंतर टप्पा पाडून मारलेला खालचा चेंडू सहा फुटी गोलकीपरच्या पायांमधून गेला. त्याचा निर्णय अजून झालाच नव्हता.

आम्ही १४-१३ ने जिंकलो. पाच जणांची यादी खिशातच राहिली. सातने एकूण पाच गोल केले, अकराने चार. सर पोरांच्या नाचात सामील झाले नाहीत. ते कट्ट्यावर बसून कालच्या कागदावर लाल पेनाने खुणा करत होते. पहिल्या वाक्यापुढे 'अर्धं' लिहिलं, कारण समोरच्यांनी जागा बदलल्या तर काय हे त्यात नव्हतं. दुसऱ्यापुढे 'बरोबर, पण चेंडू सुटल्यावर!' तिसऱ्यापुढे नुसतंच 'बरोबर'. आणि अकरा नंबरच्या प्रश्नचिन्हाभोवती मोठं वर्तुळ. एका सामन्यावरून काढलेला कागद एवढंच सांगतो की काल, त्या समोरच्यांपुढे, हे असं खेळले. कालच्या संघाने सातला मोकळं सोडलं होतं, म्हणून अकराकडे चेंडू जायची वेळच आली नव्हती. आपण सातचं दार लावलं की ते दुसरं कुठलं उघडतील, हा प्रश्न कागदावर मावत नाही. तो योजनेच्या वेळी आपणच विचारायचा असतो. सरांनी त्याच दिवशी पानावर आणखी एक ओळ छापून टाकायला सांगितली : सात बंद केला तर कोण?

एवढ्यात आमच्या गोलकीपरला पलीकडच्या कट्ट्यावर दोन पोरं दिसली. अंतिम फेरीत आलेल्या संघाचा पोशाख, एक बोलतोय, दुसरा वहीत लिहितोय.

"सर, ते आपल्यावर लिवतायत!" तो हादरलाच. आपण दुसऱ्याच्या कागदावर असू शकतो, हे तोवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग आपणच आधी लिहू," सर म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढे केला. पोरं गोल करून बसली आणि स्वतःवर लिहू लागली. अर्ध्या तासात पान भरलं. आमचे निम्म्याहून जास्त फटके एकाच बाजूने जातात. पास मोठ्याने मोजतो. दुसऱ्या डावात पुढचा माणूस दमतो आणि कमानीवर परत येऊन उभा राहतो. डावी कड चेंडू सुटायच्या आधी पळते. इथपर्यंत सगळं खेळीमेळीने चाललं होतं. शेऱ्याची ओळ आली तेव्हा मात्र सगळ्यांनी एकाच बचावपटूकडे बघितलं. त्याने निमूटपणे पेन मागून घेतलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : तीन नंबर घोटा धरतो. मग थोडा विचार करून पुढे जोडलं : अंतिम सामन्यात धरणार नाही, पण हे त्यांना सांगू नये.